गीतकाराचा रकाना रिकामा का?

मार्च २०२० मध्ये रॅपर बादशाहचं ‘गेंदा फूल’ सोनी म्युझिकने प्रसिद्ध केलं. रॅप बादशाहचा होता, पण लोकांच्या तोंडी बसला तो त्यातला पायल देवच्या आवाजातला बंगाली तुकडा. बंगालमधल्या श्रोत्यांनी तो लगेच ओळखला. या ओळी रतन काहार यांच्या ‘बोरोलोकेर बिटी लो’ या गाण्यातल्या आहेत, मग त्यांचं नाव कुठे आहे, असं ते विचारू लागले. काहार हे बीरभूम जिल्ह्यातल्या सिउडीचे लोककलावंत. हे गाणं आपण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रचलं, असं ते सांगतात. १९७६ मध्ये स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि बंगालभर गाजली. नव्या गाण्यात मात्र या ओळी ‘पारंपरिक’ म्हणून नोंदल्या गेल्या होत्या.

बादशाहने खुलासा केला की गाण्याच्या आधीच्या आवृत्त्या आणि हक्कांच्या नोंदी आपण पाहिल्या होत्या आणि तिथे सगळीकडे हे लोकगीतच म्हटलेलं होतं. पुढे त्याने काहार यांना पाच लाख रुपये दिले. खुलासा सारवासारवीचा वाटू शकतो. पण गाण्यांच्या नोंदी कशा ठेवल्या जातात हे माहीत असणाऱ्याला तो अशक्य वाटत नाही. नाव एकदा पहिल्या कागदावरून गळलं की पुढचा प्रत्येक जण त्या कागदाचीच नक्कल करतो. चार ठिकाणी ‘पारंपरिक’ लिहिलेलं दिसलं की चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो. शिवाय ‘पारंपरिक’ या नोंदीचा व्यवहारी अर्थही आहे: मूळ रचनेच्या मानधनावर हक्क सांगणारं कुणी नाही.

कुठल्याही गाण्याची नावं शोधायला बसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपण ज्याला एक गाणं म्हणतो, त्याची नोंद दोन वेगळ्या वह्यांत होते. एक वही रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल यांची. दुसरी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे अमुक गायकाने अमुक वादकांसह स्टुडिओत केलेल्या त्या एका मुद्रणाची. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तर रचनेला आयएसडब्ल्यूसी हा T पासून सुरू होणारा वेगळा क्रमांक. एकाच रचनेची पन्नास ध्वनिमुद्रणं असू शकतात आणि त्या प्रत्येकाचा आयएसआरसी निराळा असतो. पहिली वही गीतकार-संगीतकारांच्या संस्था सांभाळतात, भारतात १९६९ पासून आयपीआरएस. दुसरी रेकॉर्ड कंपन्यांच्या ताब्यात असते. गोम अशी की या दोन वह्या आपोआप एकमेकींना जोडलेल्या नसतात. अमुक ध्वनिमुद्रण म्हणजे तमुक रचना, ही सांगड कुणीतरी घालून द्यावी लागते आणि पुष्कळदा ती घातलेली नसते.

मोबाइलवरच्या अॅपपर्यंत जे पोहोचतं ते बहुतांशी दुसऱ्या वहीतून. कंपनी किंवा वितरक गाण्याच्या ध्वनिफितीबरोबर एक तक्ता पाठवतो. त्यात गाण्याचं नाव, मुख्य कलाकार, गीतकार, संगीतकार, निर्माता, वादक असे रकाने असतात. पहिले दोन रकाने भरल्याशिवाय गाणं पुढे सरकत नाही, पण वादक, संगीत संयोजक, ध्वनिमुद्रक यांचे रकाने कोरे राहिले तरी कुणाचं काही अडत नाही. स्पॉटिफायने २०१८ मध्ये गाण्याशेजारच्या तीन टिंबांच्या यादीत श्रेयनामावलीचा पर्याय दिला, तेव्हा कितीतरी जुन्या गाण्यांची पानं जवळजवळ रिकामी निघाली. अॅपवाल्यांनी काही लपवलं होतं असं नाही. त्यांच्याकडे नावं आलीच नव्हती. त्या पानाच्या तळाशी ‘स्रोत’ म्हणून कंपनीचं नाव असतं. चूक कुठून आली असावी, हे सांगणारी ती ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत.

जुन्या कंपन्या तरी नावं कुठून आणणार? ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मधला गोल कागद तेवढाच आणि त्यावर काय छापायचं हे कंपनी ठरवायची. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातलं ‘आएगा आनेवाला’ लता मंगेशकरांनी गायलं, पण तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं! श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रं पाठवून विचारणा केली, तेव्हा खरं नाव लोकांना कळलं. पत्रं लिहिणारे श्रोते नसते तर त्या कागदाची नक्कल किती वर्षं चालली असती कोण जाणे.

संगीत संयोजकांच्या नशिबी ती पत्रंही नव्हती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला व्हायोलिनांचा भरगच्च ताफा ज्यांनी कागदावर उतरवला, ते सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. तबकडीवर संगीतकारांचं नाव असे, संयोजकाचं नसे. पण चित्रपटाच्या सुरुवातीची नामावली बारकाईने पाहिली तर ‘साहाय्यक’ या शब्दाखाली दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावं सापडतात. हिंदी-मराठी चित्रगीतांसाठी म्हणूनच तबकडीच्या कागदाइतकीच पडद्यावरची नामावली मोलाची. ती इंटरनेटवरच्या चित्रपटात फक्त थांबवून वाचावी लागते, आणि ती कापून टाकलेल्या प्रतीही भरपूर फिरतात.

आता एक गाणं प्रत्यक्ष घेऊन पाहू. ‘साधी माणसं’ (१९६५) या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातलं ‘ऐरणीच्या देवा तुला’. अॅपवर शोधताना पहिली अडचण इंग्रजी हिज्जांची. ‘ऐरणी’ हा शब्द रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, आणि तऱ्हा बदलली की यादी बदलते. म्हणून एकाच निकालावर न थांबता चित्रपटाच्या नावानेही शोधावं. मूळ संग्रह आणि नंतर निघालेले ‘सदाबहार’ छापाचे संग्रह यांत तेच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या नोंदींसह असू शकतं. त्यातल्या त्यात मूळ चित्रपटाच्या नावाने असलेली नोंद आधी उघडावी.

दुसरी पायरी रचनेची. गीतकार जगदीश खेबुडकर, संगीतकार आनंदघन. इथे नवख्याची फसगत होते, कारण आनंदघन म्हणजे खुद्द लता मंगेशकर. भालजींच्या काही चित्रपटांना त्यांनी या टोपणनावाने संगीत दिलं होतं, आणि ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा हे गुपित जाहीर झालं. म्हणजे एका नोंदीत संगीतकार ‘आनंदघन’ आणि दुसऱ्या नोंदीत ‘लता मंगेशकर’ दिसलं, तर दोन्ही बरोबर असू शकतात. लेखक-संगीतकारांच्या आंतरराष्ट्रीय नोंदपद्धतीत याची सोय आहे: प्रत्येक नावाला वेगळा आयपीआय क्रमांक मिळतो आणि ती सगळी नावं एका व्यक्तीच्या मूळ क्रमांकाशी जोडलेली असतात. अॅपच्या तक्त्यात मात्र फक्त अक्षरं जातात. त्याला आनंदघन आणि लता या दोन व्यक्ती वाटल्या तर नवल नाही.

तिसरी पायरी ताळा पाहण्याची, आणि इथे स्रोत वेगळ्या जातीचे निवडावेत. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर गीत, संगीत आणि स्वर यांची नावं प्रत्येक गाण्याखाली मिळतात. ‘डिस्कॉग्स’वर संग्राहकांनी टाकलेली तबकड्यांच्या कागदांची छायाचित्रं असतात, तिथे कुणी टंकलेलं वाचण्यापेक्षा छायाचित्र मोठं करून वाचावं. हिंदी चित्रगीतांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ अजूनही भरवशाचा. सिसॅक या जागतिक महासंघाचं आयएसडब्ल्यूसी शोधपान आणि आयएफपीआयचं आयएसआरसी शोधपान दोन्ही सर्वांना खुली आहेत. मात्र दुसऱ्यावर गीतकाराचं नाव शोधू नये, कारण ते ध्वनिमुद्रणाची वही आहे. तबकडीचा कागद, पडद्यावरची नामावली आणि रचनेची नोंद जुळली तर खुशाल विसंबावं. चार संकेतस्थळांवर एकच मजकूर शुद्धलेखनाच्या चुकीसह सापडला, तर तो एकच पुरावा धरावा.

‘निर्माता’ या रकान्याची आणखी एक गंमत. पाश्चात्त्य गाण्यात प्रोड्यूसर म्हणजे ध्वनिमुद्रणाचा सगळा बाज ठरवणारा माणूस. आपल्याकडे तोच शब्द चित्रपटाला पैसा लावणाऱ्यासाठी रुळला आहे, आणि गाण्याचा बाज संगीतकार, संयोजक आणि हल्ली म्युझिक प्रोड्यूसर यांच्यात वाटला जातो. त्यामुळे त्या रकान्यात कधी कंपनी, कधी संगीतकार, कधी कुणीच नसतं. तिथलं नाव पाहून ‘हे संगीत यांनी घडवलं’ असं लिहिण्याआधी दहादा विचार करावा.

कायदा काय म्हणतो? प्रताधिकार कायद्याचं ५२अ हे कलम ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापायला लावतं: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, प्रताधिकार-मालकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. गीतकाराचा किंवा संगीतकाराचा त्यात उल्लेख नाही. हक्क विकले गेले की मालक कंपनी होते, आणि छापून येतं ते तिचंच नाव. कलम ५७ प्रमाणे आपली निर्मिती आपली म्हणवून घेण्याचा हक्क रचनाकाराकडे हक्क विकल्यावरही राहतो, पण तो बजावायचा तर भांडायला त्यालाच उभं राहावं लागतं. सिउडीच्या लोककलावंताला हे किती परवडेल? मुंबईतल्या नामवंत गीतकारांनाही २०२० मध्ये वरुण ग्रोव्हर, स्वानंद किरकिरे, कौसर मुनीर अशा मंडळींनी मिळून ‘क्रेडिट दे दो यार’ हे गाणंच काढावं लागलं.

दुरुस्तीचा मार्गही त्याच तक्त्यातून जातो. श्रोत्याने किंवा गीतकाराच्या वारसाने अॅपला कळवलं तरी अॅप बहुधा कंपनीकडे किंवा वितरकाकडे बोट दाखवतं, कारण तक्ता बदलून पुन्हा पाठवण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो. स्वतःची गाणी वितरकामार्फत चढवणाऱ्या आजच्या मराठी कलाकाराला हे काम तुलनेने सोपं आहे: तक्ता त्याच्याच हातात असतो आणि ढोलकीवाल्याचं नाव घालायला फार तर अर्धा मिनिट लागतो. अवघड आहे ते जुन्या साठ्याचं. तिथे कंपनीला पत्र पाठवताना सोबत तबकडीच्या कागदाचं छायाचित्र, पडद्यावरच्या नामावलीचं चित्र आणि त्या ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी द्यावा. क्रमांक नसेल तर कंपनीच्या माणसाला हजारो फितींतून नेमकी कोणती, हे शोधत बसावं लागतं, आणि तो शोधत बसत नाही.