जुना सेव्ह, नवा गेम

गेम अपडेट केला आणि जुना सेव्ह उघडताच नायक जागीच कोसळतो. कारण साधं असतं: नव्या आवृत्तीत ‘दमसास’ ही नोंद वाढलेली असते, जुन्या फाइलमध्ये ती नसते आणि गेम तिची किंमत शून्य धरतो.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवणं. फाइल उघडताना गेम आधी तो वाचतो. क्रमांक 1 असेल तर पहिली पायरी चालते: `stamina` ही नोंद घालायची, किंमत शून्य नव्हे तर पूर्ण 100, आणि क्रमांक 2 करायचा. मग 2 वरून 3. त्यामुळे कितीही जुनी फाइल एकेक पायरी चढत आजच्या रूपात येते. एकदा प्रसिद्ध झालेली पायरी मात्र नंतर बदलायची नाही. नाहीतर एकाच क्रमांकाच्या दोन तऱ्हेच्या फाइली तयार होतात.

माइनक्राफ्ट हेच करतो. त्याच्या फाइलमधला `DataVersion` 1.12.2 मध्ये 1343 होता, 1.13 मध्ये 1519 झाला.

हा जिना सहसा एकाच दिशेने चढतो. म्हणून रूपांतराआधी मूळ फाइलची प्रत ठेवावीच.