विषय पंढरपूर, पण प्रश्न कोणता?

‘पंढरपुरातील लोकांचा जगण्यातला धर्म विरुद्ध संस्थात्मक धर्म’ हे प्रबंधाचे शीर्षक होऊ शकते, संशोधनाचा प्रश्न नव्हे. त्यात काही विचारलेलेच नाही. उलट हे दोन धर्म एकमेकांसमोर उभे आहेत, हे उत्तर ‘विरुद्ध’ या शब्दाने आधीच देऊन टाकले आहे. माणसे प्रत्यक्ष आचरतात त्या धर्माचा अभ्यास करणाऱ्यांनी असे कप्पे सहसा केलेले नाहीत. रॉबर्ट ओर्सी यांनी न्यूयॉर्कच्या इटालियन हार्लेममधील मेरीमातेच्या उत्सवावर १९८५ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात घर, रस्ता आणि चर्च यांचा विचार एकमेकांना सोडून होत नाही.

पंढरपुरात तर हे कप्पे पहिल्याच दिवशी कोसळतात. विद्यार्थी बहुधा देऊळ संस्थेच्या रकान्यात टाकतो आणि वारी लोकांच्या. पण वारीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, फडांना परंपरा, प्रमुख आणि नेमनियम असतात. म्हणजे वारी हीसुद्धा एक संस्थाच आहे, आणि चांगली शिस्तीची. दुसरीकडे बडवे-उत्पातांचे देवळातले हक्क वंशपरंपरागत होते. तिथे देवळाची सेवा आणि घराण्याचा व्यवहार वेगळे काढणे अवघड. त्यामुळे कोण कोणत्या बाजूचे, हे विचारून फारसे हाती लागत नाही. नियम कोणाचा चालतो आणि कोणत्या प्रसंगी, हे विचारले तर लागते.

मग विषय तीन ठिकाणी छाटावा लागतो. पहिली छाटणी माणसांची. आषाढीला लाखो वारकरी येतात आणि विद्यार्थ्याचे लक्ष तिकडेच ओढले जाते; पण ते गावचे नव्हेत. प्रबंध एका गावाचा असेल, तर वर्षभर तिथे राहणारी कुटुंबे घ्यावीत. दुसरी छाटणी काळाची. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा असला तरी खटला दीर्घकाळ चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वंशपरंपरागत हक्क संपले. कारभार मंदिर समितीकडे आला. ही सीमारेषा सोयीची आहे. तिसरी छाटणी आचाराची : सगळा धर्म नव्हे, फक्त दर्शन आणि एकादशी.

येथे एक घसरण ठरलेली. ‘२०१४ मुळे गावकऱ्यांच्या भक्तीत काय बदल झाला?’ हा प्रश्न भारदस्त वाटतो, पण त्यासाठी आधीची स्थिती कोणीतरी नोंदवलेली हवी. ती नसेल तर हाती उरतात आजच्या आठवणी, आणि आठवणी निकालाबद्दलच्या आजच्या मताने रंगलेल्या असतात. म्हणून कार्यकारणाचा दावा सोडून प्रश्न असा बांधता येईल : समितीच्या कारभारात पंढरपूरची रहिवासी कुटुंबे दर्शन आणि एकादशी यांबाबत काय देवळाच्या व्यवस्थेवर सोडतात, काय स्वतः ठरवतात आणि कोणत्या प्रसंगी?

या प्रश्नाला उपप्रश्न तीन पुरतात. देऊळ, मठ आणि फड काय सांगतात? याचे उत्तर अधिनियम, समितीच्या सूचना आणि कीर्तनांतून मिळते. कुटुंबे प्रत्यक्षात काय करतात? त्यासाठी घरी बसून पाहावे लागते. दोन्ही जुळत नाहीत तेव्हा कोण माघार घेतो आणि त्याला काय नाव देतो? हा सगळ्यांत कसदार उपप्रश्न. आषाढीपूर्वी देवाचा पलंग निघतो आणि दर्शन चोवीस तास सुरू होते. तेव्हा रांग कित्येक तासांची होते. समजा, एखाद्या घरातल्या आजी त्या दिवसांत गच्चीवरून कळसाला हात जोडून दर्शन झाले म्हणतात आणि नातू पदस्पर्शाशिवाय ते मानत नाही. कळसदर्शनाची मुभा वारकरी परंपरेतच आहे, म्हणजे आजी नियम मोडत नाहीत. उपलब्ध नियमांतला एक निवडतात. असा प्रसंग ‘विरुद्ध’च्या चौकटीत बसत नाही, नव्या प्रश्नात मात्र नेमका बसतो.

उपप्रश्न खरा आहे की भरतीचा, हे ओळखायला तो वगळून पाहावा. मुख्य उत्तर लंगडे झाले नाही, तर तो काढावा. ‘भक्ती म्हणजे काय?’ हा असाच निघतो. दोन उपप्रश्नांना एकाच मुलाखतीतले तेच वाक्य उत्तर म्हणून चालत असेल, तर ते मुळात एकच आहेत. शिवाय उपप्रश्न जसाच्या तसा लोकांना विचारायचा नसतो. ‘संस्थेचे नियम पाळता का?’ असे विचारले की सगळेच होकार देतात. ‘गेल्या एकादशीला सकाळपासून काय काय केलंत?’ असे विचारले की फराळापासून दर्शनापर्यंत तपशील येतो.

पहिल्या तीन-चार मुलाखतींनंतर प्रश्न पुन्हा लिहावा लागतो. मार्गदर्शकाने तेवढी जागा आराखड्यात ठेवायला हवी. बाहेरून येणाऱ्या वारकऱ्यांच्या श्रद्धेबद्दल हा प्रबंध काहीही सांगू शकणार नाही, आणि ही मर्यादा पहिल्याच प्रकरणात लिहिलेली बरी.