संशोधन निवेदन: प्रश्न नेमका कोणाचा?

पीएच.डी.नंतर काही वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम केलेला पोस्टडॉक स्वतंत्र प्राध्यापकपदासाठी अर्ज करतो, तेव्हा त्याला संशोधन निवेदन, म्हणजेच रिसर्च स्टेटमेंट जोडावे लागते. आजवर काय केले आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळाली तर पुढची पाच वर्षे काय करणार, हे त्यात मोजक्या पानांत सांगायचे असते. अर्ज धाडण्याआधी मसुदा कुणा जाणत्याला दाखवतात आणि तो जाणता बहुधा भाषा दुरुस्त करून परत देतो. निवड समिती मात्र भाषेसाठी वाचत नाही. कामाला दिशा आहे का, ते उमेदवाराचे आहे की त्याच्या मार्गदर्शकाचे, आणि हाताशी असलेल्या वेळेत व पैशांत ते होईल का, हे तिला पाहायचे असते. तपासणाऱ्यानेही तेच पाहायला हवे.

नमुन्यादाखल एक कल्पित मसुदा घेऊ. उमेदवाराचे मार्गदर्शक ई. कोलाय या जिवाणूवर काम करतात. प्रतिजैविक दिल्यावर या जिवाणूच्या बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या पेशी जनुकांत कोणताही बदल न होता तगून राहतात. त्यांना पर्सिस्टर म्हणतात. एकेक पेशी अतिसूक्ष्म नळीत अडकवून तिच्यावर सूक्ष्मदर्शकातून सतत नजर ठेवण्याचे तंत्र या प्रयोगशाळेत विकसित झाले आहे. उमेदवाराला तेच तंत्र क्षयरोगाच्या जिवाणूवर वापरायचे आहे. क्षयरोग किती घातक आहे हे सांगण्यात मसुद्याचे पहिले पान जाते. नंतर तीन उद्दिष्टे येतात: पर्सिस्टर पेशींचा अभ्यास करणे, त्यांतील जनुके शोधणे आणि त्यांवर औषध शोधणे.

दिशा तपासण्यासाठी पहिले पान वाचून कागद उलटा ठेवावा आणि उमेदवाराचा प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. या मसुद्यात तसे वाक्य तयारच होत नाही. ‘अभ्यास करणे’ हे काम झाले, प्रश्न नव्हे. खऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येण्याची शक्यता असते, आणि ते आले तर काही तरी कळते. क्षयरोगाच्या हानीचे पान तर निम्म्याहून अधिक कापता येईल; समितीतल्या कोणालाही ते नव्याने सांगायला नको.

सर्वांत अवघड मुद्दा स्वातंत्र्याचा. मार्गदर्शकाचे तंत्र वापरणे गैर नाही, पोस्टडॉक ते शिकण्यासाठीच गेलेला असतो. पण वर दिलेली तीन उद्दिष्टे मार्गदर्शकाच्या संकेतस्थळावर ‘पुढील योजना’ म्हणून टाकली, तर कोणाला काही वावगे वाटणार नाही. समितीच्या मनात मग साधी शंका येते: हेच काम अधिक माणसे आणि तयार उपकरणे असलेली मूळ प्रयोगशाळा आधी करून मोकळी होणार नाही कशावरून? केवळ जिवाणू बदलल्याने या शंकेचे निरसन होत नाही.

मग वेगळेपण कुठून आणायचे? या उदाहरणात ते जिवाणूच्या वाढीतच दडले आहे. ई. कोलायची पेशी बाजूच्या भिंतीने लांब होते आणि दुभंगल्यावर दोन्ही अर्धे जवळजवळ सारखे असतात. क्षयरोगाचा जिवाणू आणि त्याचे भाईबंद मात्र टोकांकडून वाढतात. त्यांचे जुने टोक आणि नवे टोक सारखे वागत नाही, असे 2012 मध्ये एका शोधनिबंधाने दाखवले. त्यामुळे जुळ्या पेशींची वाढ आणि औषधाला दिलेला प्रतिसादही वेगळा पडतो, असा त्याचा दावा होता. पुढे त्यावर मतभेदही झाले. उमेदवार इथून आपला प्रश्न काढू शकतो: औषध थांबवल्यावर तगलेल्या पेशींपैकी कोणती आधी पुन्हा वाढू लागते, आणि ते तिच्या वाट्याला आलेल्या टोकाच्या वयावर ठरते का? मार्गदर्शकाच्या ई. कोलायमध्ये हा प्रश्न या रूपात विचारताच येत नाही. तंत्र तिथलेच राहिले तरी प्रश्न उमेदवाराचा झाला. त्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी तो वाया जाणार नाही, म्हणजे दिशेची अडचणही इथेच सुटते.

निवेदनात हे सांगून भागत नाही, बाकीच्या कागदांशी त्याचा मेळ बसावा लागतो. शोधनिबंधांच्या यादीत उमेदवाराच्या प्रत्येक निबंधावर मार्गदर्शकाचे नाव असेल, तर कोणती कल्पना कोणाची होती हे निवेदनात स्पष्ट हवे. ‘आम्ही’ने भरलेल्या परिच्छेदात ‘मी’ कुठे आहे, हे तपासणाऱ्याने पेन्सिलीने खुणा करून पाहावे. मार्गदर्शकाशी मोकळेपणी बोलणेही आवश्यक असते: कोणता भाग घेऊन जायचा, कोणता तिथेच सोडायचा? अमेरिकेतील एनआयएचच्या के99/आर00 या अनुदानात पहिली जास्तीत जास्त दोन वर्षे मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि नंतरची तीनपर्यंत स्वतंत्र अशी रचनाच आहे, आणि उमेदवार सोबत काय नेऊ शकेल हे मार्गदर्शकाकडून लिहून घेतले जाते. भारतात अशी सक्ती सहसा नसते, पण शिफारसपत्रात त्या अर्थाचे एक वाक्य आले तरी निवेदनाला बळ मिळते.

योजना शक्य कोटीतली आहे का, हे कळायला थोडे गणित पुरते. ई. कोलाय साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे 20 पिढ्या सात तासांच्या आत पाहून होतात. क्षयरोगाचा जिवाणू दुप्पट व्हायला सुमारे 20 तास घेतो, म्हणजे तेवढ्याच पिढ्यांसाठी जवळजवळ 17 दिवस. इतके दिवस नळी तुंबायला नको, सूक्ष्मदर्शक हलायला नको, वीज जायला नको. शिवाय हा जिवाणू हाताळायला जैवसुरक्षा स्तर तीनची प्रयोगशाळा लागते आणि ती नव्या प्राध्यापकाला स्वतःसाठी मिळणे कठीण. मसुद्यात यातले काहीच नाही. त्यावरचा उपाय क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक आहे. मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिस हा त्याच कुळातला सौम्य जिवाणू सुमारे तीन तासांत दुप्पट होतो. त्याच्या 20 पिढ्या अडीच दिवसांत होतात. पहिली तीन वर्षे त्यावर काम करून नेमकी एक-दोन निरीक्षणेच क्षयरोगाच्या जिवाणूवर, तेही सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेत पडताळायची, असे लिहिले तर योजना विश्वासार्ह होते. त्या सहकाऱ्याचे संमतिपत्र मात्र जोडलेले हवे.

पैशांचेही तसेच. भारतात इन्स्पायर फॅकल्टी योजनेत संशोधनासाठी वर्षाला सात लाख, पाच वर्षांचे 35 लाख मिळत आले आहेत. दिवसेंदिवस चालणाऱ्या चित्रीकरणाचा स्वयंचलित सूक्ष्मदर्शक एवढ्यात बसत नाही. मग संस्थेच्या सामायिक यंत्रावर किती वेळ मिळेल, हे आधी विचारून निवेदनात लिहावे लागते. पहिल्या वर्षी खरेदी, जागा आणि विद्यार्थी यांतच वेळ जातो. त्या वर्षात दोन शोधनिबंधांचे वचन दिसले की अनुभवी वाचक पुढचे वेळापत्रकही संशयाने वाचतो.

आणखी एक दोष सहज निसटतो. दुसरे उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर आणि तिसरे दुसऱ्यावर टांगलेले असेल, तर पहिले फसताच पाच वर्षे रिकामी पडतात. कल्पित मसुद्यात नेमके तेच आहे: पर्सिस्टर पेशी पुरेशा सापडल्या नाहीत तर जनुके नाहीत, आणि जनुके नाहीत तर औषधही नाही. औषधाचे उद्दिष्ट काढून टाकलेलेच बरे, एका नव्या प्रयोगशाळेचे ते काम नव्हे.

शेरे देताना वाक्ये स्वतः लिहून देणे टाळावे. तसे केल्यास उमेदवाराच्या आवाजाऐवजी तपासणाऱ्याचा आवाज उमटतो आणि मुलाखतीत पहिल्याच उलटप्रश्नाला तो उघडा पडतो. ‘हे फसले तर काय कराल?’, ‘हे तुमच्या मार्गदर्शकांनी का केले नाही?’ असे प्रश्न समासात लिहून मसुदा परत द्यावा. दुसरी तपासणी विषयाबाहेरच्या माणसाकडून करून घ्यावी. जीवशास्त्राच्या विभागाच्या समितीत परिसंस्थांचा अभ्यासक आणि प्रथिनांच्या रचनेचा तज्ज्ञही बसतो, आणि त्यालाही मत असते.