फ्लॅटमध्ये पोटभाडेकरू सापडला, तर नोटिशीत काय लिहावं?

समजा, कोथरूडचा एक फ्लॅट दोन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. महिना 28,000 रुपये. करार नोंदवलेला, मुदत 31 मे 2027 पर्यंत. भाडेकरूची नोव्हेंबरात बंगळूरला बदली झाली. घर सोडायच्या ऐवजी त्याने दोन विद्यार्थ्यांना ते दिलं आणि दोघांकडून 17-17 हजार घेऊ लागला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘तुमच्या फ्लॅटच्या नावावर दोन नवीन बाइक लागतायत’ असं विचारलं, तेव्हा मालकाला पत्ता लागला.

अशा वेळी पहिला विचार येतो तो कुलूप बदलण्याचा किंवा वीज तोडण्याचा. ते करू नये. तसं केलं की तक्रारदार असलेला मालकच आरोपी होतो. आधी कराराची प्रत काढून वाचावी. बहुतेक छापील करारांत एक कलम असतंच: जागा दुसऱ्या कुणाला वापरायला देता येणार नाही. ते नसलं, तरी भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 56 नुसार अशी परवानगी साधारणपणे व्यक्तिगत असते, ती घेणाऱ्याला पुढे दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. याच करारात बहुधा आणखी एक ओळ असते, की अटीचा भंग झाल्यास अमुक दिवसांत सुधारणा न केल्यास करार संपवता येईल. नोटीस या ओळीवर उभी करायची. दिलेली मुदत करारापेक्षा कमी असेल, तर पुढे वकिलाला पहिला मुद्दा आयताच मिळतो.

नोटिशीत वस्तुस्थिती आधी आणि राग शेवटी, जमल्यास अजिबात नको. मसुदा साधारण असा: ‘तुमच्याशी केलेल्या नोंदणीकृत करारातील कलम 9 नुसार सदर फ्लॅट फक्त तुम्ही व तुमच्या कुटुंबाने वापरावयाचा आहे. नोव्हेंबरपासून तुम्ही तेथे राहत नाही, आणि माझ्या लेखी संमतीशिवाय दोन त्रयस्थ व्यक्ती फ्लॅटचा वापर करत आहेत. हा अटीचा भंग आहे. 20 जानेवारीपर्यंत त्या व्यक्तींचा वापर बंद करून, फ्लॅट तुमच्या ताब्यात असल्याचे मला लेखी कळवावे व पूर्वसूचना देऊन पाहणी करू द्यावी. तसे न झाल्यास करारानुसार पुढील कारवाई करीन.’ कलमाचा आकडा अर्थात आपल्या करारातला टाकायचा. ‘नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस’ यापेक्षा ठरलेली तारीख बरी, फक्त टपालाचे दिवस धरून ती करारातल्या मुदतीत बसते ना, हे पाहावं. मुदत फार आखडती घेऊ नये. विद्यार्थ्यांनाही दुसरी खोली शोधायची असते.

त्या मसुद्यात ‘पोटभाडेकरू’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. ‘तुमचे पोटभाडेकरू’ असं लिहिलं, की त्यांचा काहीतरी हक्क आपण मान्य केला, असा अर्थ काढायला वाव मिळतो. त्याहून मोठी चूक पैशांत होते. मुलं थेट मालकाच्या खात्यावर यूपीआयने 28,000 पाठवतात, मालक म्हणतो पैसे तर आले. तेच पुढे संमतीचा पुरावा म्हणून वापरलं जातं. असे पैसे परत पाठवावेत. मूळ भाडेकरूकडून रक्कम घ्यायची तर ‘हक्क अबाधित ठेवून’ घेत असल्याचं लेखी कळवावं.

पुरावाही त्याच वेळी जमवावा. पाहुणा आला किंवा भाचा शिकायला राहिला म्हणजे पोटभाडं नव्हे. न्यायालय पाहतं ते जागेचा ताबा आणि नियंत्रण कुणाकडे गेलं हे. किल्ली कुणाकडे, मूळ भाडेकरू राहतो का, सोसायटीच्या नोंदीत कुणाच्या गाड्या, पैसे कुठून कुठे गेले. नोटीस स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, करारातल्या पत्त्यावर आणि त्याच्या सध्याच्या पत्त्यावर पाठवावी. ईमेल त्याच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे.

जुन्या, पागडीच्या भाडेकरूचं प्रकरण वेगळं. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागतो आणि कलम 16 मध्ये बेकायदा पोटभाडं हे ताबा मागण्याचं थेट कारण आहे. थकलेल्या भाड्यासाठी तो कायदा नव्वद दिवसांची नोटीस सांगतो, पोटभाड्यासाठी सुधारणेची तशी मुदत सांगत नाही. म्हणून वरचा मसुदा तिथे उचलून वापरू नये. उदारपणे दिलेली मुदत उलटू शकते.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये 20 तारखेला मुलं गेली आणि भाडेकरूने किल्ली दाखवली, तर नोटिशीचं काम झालं. ती तिथेच राहिली, तर करार संपवल्याची दुसरी नोटीस आणि मग न्यायालय. भाडेकरूने वेळ काढत मे 2027 गाठला, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या ताब्यासाठी दुप्पट, म्हणजे महिना 56,000 रुपयांपर्यंत बोजा भाडेकरूवर येतो.