बंद व्हॉल्व्हमधून येणारी ऊब

मोठ्या इमारतीचा एएचयू बिघडला, तरी कित्येकदा कोणाची तक्रार येत नाही. गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आतून गळू लागला की हवा तापते. मग यंत्रणा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह तेवढाच जास्त उघडते आणि हवा ठरल्या तापमानाला खोलीत पोचते. बॉयलर आणि चिलर एकमेकांविरुद्ध राबत राहतात. पडद्यावर तर गरम व्हॉल्व्ह ‘शून्य टक्के’च दिसतो, कारण बहुतेक ठिकाणी तो आकडा दिलेल्या हुकमाचा असतो, व्हॉल्व्हच्या खऱ्या स्थितीचा नव्हे.

ही चोरी पकडायची तर साठवलेल्या ट्रेंडमधून दोन्ही व्हॉल्व्ह शून्यावर असलेले तास वेगळे काढायचे. त्या वेळी हवेला तापवणारा फक्त पंखा असतो आणि तो साधारण एक अंश वाढवतो. सेन्सरच्या चुकीसाठी आणखी दोन अंशांची सूट धरली, तर नियम असा होतो:

```
HV = 0 AND CV = 0 AND SAT > MAT + 1 + 2
```

`MAT` म्हणजे बाहेरची आणि परतीची हवा मिसळल्यानंतरचे तापमान, `SAT` म्हणजे खोलीकडे निघालेल्या हवेचे. अमेरिकेतील ‘निस्ट’ या संस्थेच्या ‘एपार’ या नियमसंचात अशा धाटणीचे २८ नियम आहेत.

थंड प्रदेशातली एक सकाळ घेऊ. बाहेर ८ अंश, परतीची हवा २३, सेटपॉइंट १५. मिश्रण १४ अंशांचे असायला हवे, पण ट्रेंडमध्ये दिसते १०. पुरवठा मात्र बरोब्बर १५! डॅम्परने जादा थंड हवा ओढून गळती झाकली आहे. पंख्याचा एक अंश वजा केला तरी चार अंश उरतात. सेकंदाला ५ घनमीटर हवा वाहत असेल, तर ही उष्णता सुमारे २४ किलोवॅट भरते. दुपारी बाहेर १४ अंश झाले की डॅम्पर पूर्ण उघडतो. एरवी तेव्हा चिलरची गरजच नसती. आता तेच २४ किलोवॅट काढून टाकायला थंड पाणी सोडावे लागते.

यंत्रणा एका अवस्थेतून दुसरीत गेल्यानंतरचा थोडा वेळ मात्र वगळावा. कॉइलमध्ये उरलेले गरम पाणी निवेपर्यंत खोटा इशारा मिळतो. आपल्याकडे औषध कारखान्यांत आणि शस्त्रक्रियागृहांत दमटपणा काढण्यासाठी हवा आधी गार करून मग मुद्दाम तापवतात. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे दिसले म्हणून लगेच बिघाड ठरवता येत नाही.

इशारा आला तरी लगेच व्हॉल्व्ह बदलायला काढू नये. मिश्रणपेटीत थंड आणि उबदार हवेचे थर राहतात आणि सेन्सर थंड थरात असला, तर तो कमी तापमान दाखवतो. म्हणून गरम पाण्याचा हातव्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास ट्रेंड पाहावा. फरक एका अंशावर आला, तर व्हॉल्व्ह गळतो आहे. तसाच राहिला, तर सेन्सर तपासायला घ्यावा.