ठिगळाखालची तार

लग्नाच्या फोटोत डोक्यावरून गेलेली विजेची तार फोटोशॉपमध्ये काढताना ती मूळ चित्रावर पुसत नाहीत; वरच्या रिकाम्या लेयरवर आकाशाचे ठिगळ लावून झाकतात. खाली तार तशीच राहते. `Flatten Image` दिल्यावर मात्र ठिगळाखालचे पिक्सेल जातात, लपवलेले लेयर टाकून दिले जातात आणि पारदर्शक जागा पांढरी होते. फाइल जतन करून बंद केली की मागे फिरता येत नाही. मोठ्या छपाईत ठिगळाची कड दिसली, तर तिच्याखालचे खरे आकाश आता कुठेच नसते. हाच सर्वांत मोठा तोटा. म्हणून लेयरसह `PSD` फाइल आधी जतन करावी आणि लेयर तिच्या प्रतीतच एकत्र करावेत.