अख्खी ओळ रंगवणारा डॉलर

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब आता बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या नाहीतर गुगल शीट्सच्या तक्त्यात असतो. ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांची ओळ खजिनदार हाताने लाल करतो, म्हणजे सभेत पडद्यावर चटकन दिसते. अडचण पुढच्या महिन्यात येते. पैसे जमा होतात, स्थितीच्या रकान्यात ‘भरले’ असं लिहिलं जातं, पण लाल रंग काढायचा राहून जातो. ज्याने पैसे भरले तोच सगळ्यांदेखत थकबाकीदार दिसतो. हाताने दिलेल्या रंगाला शेजारच्या रकान्यात काय लिहिलंय याचा पत्ताच नसतो.

हा संबंध जोडून देणारी सोय म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग. एक्सेल ९७ पासून ती उपलब्ध आहे. तिच्यातले तयार नियम सोपे आहेत, पण ते बहुधा तेवढ्यापुरतेच चालतात: ज्या चौकटीत ‘थकीत’ लिहिलंय तेवढीच चौकट रंगते. आपल्याला मात्र फ्लॅट क्रमांकापासून स्थितीपर्यंत सगळी ओळ रंगलेली हवी असते, कारण आडव्या तक्त्यात शेवटच्या रकान्यातला लाल ठिपका कुणाचा हे बोट सरकवत शोधावं लागतं. त्यासाठी सूत्र स्वतः लिहावं लागतं. ते जेमतेम एका ओळीचं आहे.

अठ्ठेचाळीस फ्लॅटची एक सोसायटी धरू. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं. A मध्ये फ्लॅट क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये रक्कम, D मध्ये भरायची शेवटची तारीख, E मध्ये जमा झाल्याची तारीख, F मध्ये स्थिती. म्हणजे खरी माहिती A2 पासून F49 पर्यंत. माउसने A2 वर धरून F49 पर्यंत ओढत न्यायचं, मग Home मध्ये Conditional Formatting, तिथे New Rule, आणि यादीतला शेवटचा पर्याय, Use a formula to determine which cells to format. खालच्या रिकाम्या पट्टीत हे लिहायचं:

```
=$F2="थकीत"
```

मग Format मधल्या Fill मध्ये जाऊन फिकट लाल रंग निवडायचा आणि OK. गुगल शीट्समध्ये Format, मग Conditional formatting, आणि अटींच्या यादीत अगदी तळाला Custom formula is, सूत्र तेच. पहिलं बरोबरचं चिन्ह ‘हे सूत्र आहे’ एवढंच सांगतं. दुसरं विचारतं: F2 मध्ये ‘थकीत’ आहे का? उत्तर हो आलं तर रंग, नाही तर नाही.

खरं काम तो डॉलर करतो. निवडलेल्या तक्त्यात अठ्ठेचाळीस ओळी आणि सहा रकाने, म्हणजे २८८ चौकटी आहेत. आपण सूत्र एकदाच लिहिलं असलं तरी प्रत्येक चौकट तोच प्रश्न आपापल्या जागेवरून विचारते. सूत्र A2 साठी लिहिलेलं आहे; दुसऱ्या चौकटीकडे जाताना त्यातले पत्ते त्या चौकटीइतकेच सरकतात. ज्याच्या आधी डॉलर आहे तो भाग मात्र जागचा हलत नाही. इथे डॉलर F च्या आधी आहे, 2 च्या आधी नाही. म्हणून C2 ही चौकट F2 कडे बघते, C7 ही चौकट F7 कडे बघते, A7 आणि B7 सुद्धा F7 कडेच बघतात. सातव्या ओळीतल्या सहाही चौकटींना एकच उत्तर मिळतं आणि ओळ एकदम रंगते.

डॉलर काढून पाहा, म्हणजे हे लख्ख दिसेल. सूत्र =F2="थकीत" असं केलं तर A2 बरोबर F2 कडे बघते, पण B2 एक घर उजवीकडे सरकून G2 कडे बघायला लागते, C2 तर H2 कडे. तिथे काहीच नाही. परिणाम असा की थकीत फ्लॅटचा फक्त क्रमांक लाल होतो आणि बाकीची ओळ पांढरी राहते. पहिलाच रकाना रंगलेला दिसला की समजावं, F च्या आधीचा डॉलर राहिलाय. उलट दोन्हीकडे डॉलर पडून $F$2 झालं, तर २८८ चौकटी एकट्या पहिल्या फ्लॅटची स्थिती विचारतात: तो थकीत असेल तर सगळी सोसायटी लाल, नसेल तर एकही ओळ नाही. हे फार वेळा होतं, कारण सूत्र लिहिताना F2 वर क्लिक केलं की एक्सेल त्या खिडकीत आपण होऊन दोन्ही डॉलर लावतो. पत्ता टाइपच करावा, किंवा F4 हे बटण दाबत राहावं. डॉलरच्या जागा दर वेळी बदलत जातात.

एक चूक मात्र अशी आहे की तिच्यात तक्ता अगदी बरोबर चालल्यासारखा वाटतो. निवड करताना शीर्षकाची ओळही घेतली, म्हणजे A1 पासून सुरुवात केली, आणि सूत्र $F2 असंच ठेवलं. आता पहिली ओळ F2 कडे बघते, तेरावी ओळ F14 कडे बघते. चौदाव्या ओळीतला फ्लॅट थकीत असेल तर लाल होतो त्याच्या वरचा. ओळी पूर्ण रंगतात, रंगलेल्या ओळींची संख्याही बरोबर येते, फक्त माणसं चुकतात. त्या रंगावर विसंबून नोटिसा काढल्या तर वेळेवर पैसे भरणाऱ्याच्या दारावर नोटीस जाते. म्हणून नियम लावल्यावर दोन-तीन रंगीत ओळींची स्थिती स्वतः वाचून पाहावी. सूत्रातला ओळीचा आकडा आणि निवडीच्या पहिल्या ओळीचा आकडा एकच हवा. एक्सेलमध्ये निवड खालून वर ओढली तरी असाच घोळ होतो, कारण तिथे सूत्र ज्या चौकटीपासून ओढायला सुरुवात केली तिच्यासाठी धरलं जातं.

नियम बरोबर असूनही एखादी ओळ रंगत नसेल तर दोष बहुधा त्या ‘थकीत’ मध्येच असतो. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला सारखे असतीलच असं नाही. कुणी शब्दानंतर स्पेस दिलेली असते, कुणी ‘थकित’ असं ऱ्हस्व लिहिलेलं असतं. इंग्रजीत Overdue आणि overdue या दोन्हींना हे सूत्र एकच मानतं, मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाला ती सवलत नाही. कुठल्याही रिकाम्या चौकटीत =LEN(F7) लिहून पाहावं. ‘थकीत’ ची लांबी ४ येते: थ, क, दीर्घ वेलांटी आणि त. उत्तर ५ आलं तर कुठेतरी न दिसणारं अक्षर बसलंय. साधी स्पेस असेल तर सूत्रात =TRIM($F2)="थकीत" असं लिहून भागतं. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात येणारी न तुटणारी स्पेस मात्र TRIM ने जात नाही. तो शब्द पुसून पुन्हा लिहावा. माझ्या मते इथे खरा उपाय म्हणजे स्थितीचा रकाना हाताने लिहायलाच द्यायचा नाही. Data Validation मधून ‘भरले’, ‘बाकी’, ‘थकीत’ अशी यादी लावली की जो तो त्यातून निवडतो.

त्याहून चांगलं म्हणजे स्थिती तारखांवरूनच ठरू द्यावी. F2 मध्ये हे लिहून खाली F49 पर्यंत ओढायचं:

```
=IF(D2="","",IF(E2<>"","भरले",IF(D2<TODAY(),"थकीत","बाकी")))
```

शेवटची तारीख लिहिलीच नसेल तर स्थिती रिकामी. जमा तारीख असेल तर ‘भरले’. नसेल आणि शेवटची तारीख उलटली असेल तर ‘थकीत’, नाहीतर ‘बाकी’. पहिली अट गाळू नये: एक्सेल रिकाम्या तारखेला शून्य समजतो, शून्य आजच्यापेक्षा लहान असतं, आणि रिकाम्या ओळीही थकीत ठरतात. शेवटच्या तारखेच्या दिवशी ओळ रंगत नाही, दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की रंगते. या सूत्राची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. अर्धे पैसे भरून जमा तारीख पडली तरी ते ‘भरले’ म्हणणार. हप्त्याने भरणारे असतील तर जमा रकमेचा वेगळा रकाना करून तिची तुलना देय रकमेशी करावी लागेल.

तारखांची एक गोम आहे. आपण १५/०७ म्हणजे पंधरा जुलै लिहितो. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर त्याला पंधरावा महिना सापडत नाही, आणि तो ती तारीख साधा मजकूर म्हणून ठेवतो. एक्सेलमध्ये मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे ती तारीख कधीच उलटत नाही आणि तो फ्लॅट कायम ‘बाकी’ राहतो. ०५/०७ ची गत आणखी वाईट, ती निमूटपणे सात मे होते आणि फ्लॅट दोन महिने आधीच लाल होतो. मजकूर झालेली तारीख चौकटीत डावीकडे चिकटते, खरी तारीख उजवीकडे. मध्ये आणण्याची सजावट आधी केली नसेल तर ही खूण पुरते. सात मे झालेली तारीख मात्र अशी पकडता येत नाही. त्यासाठी रकान्याला महिन्याचं नाव दाखवणारा साचा द्यावा.

जुन्या हातच्या रंगांचंही आधी बघायला हवं. नियमाचा रंग त्यांच्यावर दिसतो, पण पैसे भरल्यावर नियम बाजूला झाला की खालचा जुना लाल पुन्हा वर येतो आणि सूत्रच बिघडलं असं वाटतं. नियम लावण्याआधी सगळ्या तक्त्याला No Fill द्यावं.

तक्ता वर्षभर वापरात राहिला की ओळी कापून-चिकटवून नियमाचे तुकडे पडतात. Manage Rules उघडलं की एकच सूत्र दहा वेळा, दर वेळी वेगळ्या पट्ट्यासाठी, असं दिसतं, आणि मधल्या काही ओळी एकाही पट्ट्यात नसतात. तेव्हा एक नियम ठेवून बाकीचे पुसावेत आणि Applies to मध्ये =$A$2:$F$49 लिहावं. या खिडकीत सुधारणा करताना बाणाची बटणं दाबली तर सूत्रात भलतेच पत्ते घुसतात. आधी F2 बटण दाबलं की कर्सर मजकुरात नीट फिरतो. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून सूत्र चिकटवलं तर अवतरण चिन्हं वाकडी येतात आणि नियम चालत नाही, ती सरळ करून घ्यावीत.

सभेत पहिला प्रश्न एकूण थकबाकीचा येतो. तो रंग मोजून सुटत नाही, कारण साध्या सूत्रांना चौकटीचा रंग दिसत नाही. रंग ज्या शब्दावरून आला त्यालाच विचारायचं. तक्त्याखाली एक ओळ सोडून हे लिहिलं की रक्कम मिळते:

```
=SUMIF(F2:F49,"थकीत",C2:C49)
```